फोनवरचे २४ मिमी आणि f/1.78: सेन्सरचा आकार आणि क्रॉप फॅक्टर, हिशेबासकट

फोनने काढलेल्या फोटोची माहिती उघडली की बहुतेक वेळा एका ओळीत दोन आकडे दिसतात. उदाहरणार्थ, आयफोन १४ प्रोच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी ते आहेत फोकल लेंग्थ २४ मिमी आणि ॲपर्चर f/1.78. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या लेन्सवरही असेच आकडे छापलेले असतात, त्यामुळे नवख्याला वाटते की दोन्हीकडे गोष्ट तीच. मग तो २४ मिमी f/1.8 ची मोठी लेन्स आणि फोन शेजारी ठेवून पाहतो आणि चक्रावतो. दोन्हींत दृश्य साधारण तेवढेच येते, पण मोठ्या कॅमेऱ्यात मागची बाजू छान विरघळते आणि फोनमध्ये जवळपास सगळेच लख्ख दिसते.

याचे कारण असे की त्या ओळीतला पहिला आकडा फुल-फ्रेमच्या मापात बदलून लिहिलेला असतो आणि दुसरा नसतो. या दोन आकड्यांना एकाच मापात आणणे म्हणजेच क्रॉप फॅक्टर समजणे. बाकीचे सगळे त्यातून आपोआप येते.

आधी दोन चौकटी कागदावर काढा

आलेखाचा कागद असेल तर उत्तम, नसेल तर साधी पट्टी चालेल. ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असा एक आयत काढा. हा फुल-फ्रेम सेन्सर. हे माप डिजिटल काळात कुणी ठरवलेले नाही. सिनेमाची ३५ मिमी रुंदीची फिल्म आडवी सरकवून तिच्यावर स्थिरचित्र घ्यायचे, ही ऑस्कर बारनाक यांच्या लायका कॅमेऱ्याची रचना १९२५ मध्ये बाजारात आली आणि चौकटीचे ते माप तिथून रूढ झाले. ३५ हा आकडा कडेच्या भोकांसकट पूर्ण फिल्मच्या रुंदीचा आहे. चित्र उमटते ती जागा ३६ बाय २४ चीच.

आता त्याच आयताच्या एका कोपऱ्यात ९.८ बाय ७.४ मिमीचा छोटा आयत काढा. हा आयफोन १४ प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, जवळपास करंगळीच्या नखाएवढा. फोनच्या जगात हा मोठा सेन्सर समजला जातो, हेही लक्षात असू द्या. मोठ्या चौकटीत असे छोटे आयत आडवे तीन मावतात आणि साडेसहा मिमी जागा उरते. उभेही तीनच मावतात आणि जेमतेम दोन मिमी उरतात. क्षेत्रफळ काढले तर एकीकडे ८६४ चौरस मिमी आणि दुसरीकडे साधारण ७२, म्हणजे बारा पट.

मात्र क्रॉप फॅक्टर क्षेत्रफळावरून काढत नाहीत, कर्णावरून काढतात. मोठ्या आयताचा कर्ण पट्टीने मोजलात तर ४३.३ मिमी भरेल, छोट्याचा १२.३ च्या आसपास. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर येते साधारण ३.५. हाच या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा क्रॉप फॅक्टर. क्षेत्रफळाचे गुणोत्तर हवे असेल तर ३.५ चा वर्ग करायचा, तो सव्वाबारा येतो. कर्णाचा आणि क्षेत्रफळाचा हा संबंध पुढे उजेडाच्या हिशेबात लागणार आहे.

इथे एक सावधगिरी. जाहिरातीत या सेन्सरचे माप १/१.२८ इंच असे लिहितात. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याला १.२८ ने भागले तर जवळजवळ २० मिमी येतात. पण आपण मोजलेला कर्ण तर १२.३! चूक मोजणीत नाही. इंचाची ही पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांपासून आली आहे. माप नळीच्या बाहेरच्या व्यासाचे सांगत आणि चित्र उमटायची जागा त्याहून बरीच लहान असे. नळ्या गेल्या, पद्धत राहिली. त्यामुळे फोनच्या मोठ्या सेन्सरांसाठी इंचाला २५.४ ऐवजी साधारण १६ मिमी धरा. १६ भागिले १.२८ केले की १२.५ येतात आणि हिशेब जुळतो. ‘एक इंची सेन्सर’ असलेल्या फोनचेही तेच. त्याची चौकट साधारण १३.१ बाय ९.८ मिमीची आणि कर्ण १६ मिमीच्या आसपासच असतो.

क्रॉप फॅक्टर लेन्सला काय करतो

काहीच करत नाही. लेन्स मागच्या बाजूला एक गोल प्रतिमा टाकते आणि सेन्सर त्या गोलातला आयताकृती तुकडा उचलतो. तुकडा लहान असेल तर दृश्याचा कमी भाग हाती येतो, म्हणून चित्र जवळ ओढल्यासारखे दिसते. ५० मिमीची लेन्स १.५ क्रॉप फॅक्टरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावली तर फुल-फ्रेमवर ७५ मिमीची लेन्स जेवढे दृश्य दाखवते तेवढेच दिसेल. पण लेन्स ५० मिमीचीच राहते. तिची लांबी बदलत नाही आणि तिच्यातून येणारा उजेडही बदलत नाही.

फोनमध्ये हेच उलट्या बाजूने होते. तिथे सेन्सर आधीच छोटा, म्हणून रुंद दृश्य मावण्यासाठी लेन्स फारच आखूड करावी लागते. आयफोन १४ प्रोच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ ६.८६ मिमी आहे. तिला ३.५ ने गुणले की २४ मिमी. स्क्रीनवर दिसतो तो हा गुणून आलेला आकडा. लेन्स स्वतः फोनच्या जाडीत बसते, कारण ती सात मिमीचीसुद्धा नाही.

चेहऱ्याचे नाक मोठे दिसणे किंवा मागचा डोंगर जवळ आल्यासारखा दिसणे याचा सेन्सरशी संबंध नाही. ते फक्त तुम्ही किती अंतरावर उभे आहात यावर ठरते. एकाच जागेवरून फोनने आणि फुल-फ्रेमवरच्या २४ मिमीने काढलेल्या फोटोंत वस्तूंची एकमेकांशी प्रमाणे सारखीच येतात.

तुमच्या फोनचा क्रॉप फॅक्टर काढा

सेन्सरचे माप शोधत बसायची गरज नाही. प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत लागणारे दोन्ही आकडे सहसा नोंदलेले असतात: खरी फोकल लेंग्थ आणि ३५ मिमी मापातली फोकल लेंग्थ. काही ॲप्स यातला एकच आकडा दाखवतात आणि कोणता ते सांगत नाहीत, म्हणून फोटो कॉम्प्युटरवर घेऊन पाहणे बरे. exiftool हे मोफत साधन असेल तर एवढी आज्ञा पुरते:

```
exiftool -LensModel -FocalLength# -FocalLengthIn35mmFormat -FNumber photo.heic
```

पहिली पायरी: फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने, झूम न करता, एक साधा फोटो काढा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. मूळ फाइलच कॉम्प्युटरवर घ्या, कारण निरोपांच्या ॲपमधून पाठवलेल्या फोटोतली ही माहिती बहुधा गाळली गेलेली असते. मग आज्ञेचे उत्तर रिकामे आले की फोन बिघडला असे समजू नका.

दुसरी पायरी: ३५ मिमी मापाच्या आकड्याला खऱ्या फोकल लेंग्थने भागा. आपल्या उदाहरणात २४ भागिले ६.८६ म्हणजे ३.५.

तिसरी पायरी: ४३.३ ला त्या उत्तराने भागा. हाती येतो सेन्सरचा कर्ण, १२.४ मिमी. कंपनीने सेन्सरचे माप कुठेच सांगितलेले नसले तरी ते असे उघडे पडते.

दशांशाच्या पुढच्या आकड्यांत फार अडकू नका. फोनचा सेन्सर ४:३ प्रमाणाचा आणि फुल-फ्रेम ३:२ चा, त्यामुळे रुंदीने भागले तर ३.७ आणि उंचीने भागले तर ३.२ येते. कर्णाचा ३.५ हा त्यांच्या मधला. आकार वेगळे असलेल्या चौकटींची तुलना यापेक्षा काटेकोर होतही नाही.

आता दुसरा आकडाही गुणा

खरी गंमत इथे आहे आणि जाहिराती नेमक्या इथेच गप्प बसतात. f/1.78 याचा अर्थ फोकल लेंग्थला १.७८ ने भागले की ॲपर्चरचा व्यास मिळतो. फोनमध्ये ६.८६ भागिले १.७८, म्हणजे ३.८५ मिमी. फुल-फ्रेमच्या २४ मिमी f/1.8 लेन्समध्ये २४ भागिले १.८, म्हणजे १३.३ मिमी. एका लेन्सचे भोक चार मिमीहून लहान आणि दुसरीचे तेरा मिमीहून मोठे. दृश्य तेवढेच असताना मागची बाजू किती धूसर होणार हे या व्यासावर ठरते.

फुल-फ्रेमची २४ मिमी लेन्स किती बंद केली तर तिचे भोक ३.८५ मिमी होईल? २४ भागिले ३.८५ केले की उत्तर f/6.2. सरळ १.७८ ला ३.५ ने गुणले तरी हेच येते. म्हणजे फोनचे २४ मिमी f/1.78 हे एका मापात आणले तर २४ मिमी f/6.2 होते. एक आकडा गुणून लिहायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, हा जाहिरातीचा शिरस्ता. ६.८६ मिमी f/1.78 लिहिले तरी बरोबर आणि २४ मिमी f/6.2 लिहिले तरी बरोबर. २४ मिमी f/1.78 या जोडीतले आकडे मात्र दोन वेगळ्या मापांतले आहेत.

याचा परिणाम अंतरात मोजता येतो. समजा माणूस दीड मीटरवर उभा आहे आणि फोकस त्याच्या डोळ्यांवर आहे. डेप्थ ऑफ फील्डच्या नेहमीच्या सूत्रात फुल-फ्रेमसाठी धूसरपणाची ०.०३ मिमीची मर्यादा धरली, तर f/6.2 ला साधारण एक मीटरपासून २.९ मीटरपर्यंत सगळे स्पष्ट येते. माणूस, खुर्ची, मागची भिंत, सगळेच. f/1.8 ला तीच पट्टी १.३ ते १.७५ मीटर एवढी अरुंद होते. पहिली पट्टी फोनची, दुसरी मोठ्या कॅमेऱ्याची. पोर्ट्रेट मोड मागची बाजू धूसर करतो तेव्हा ती लेन्समुळे होत नाही. फोन माणसाची कड ओळखून बाकीचा भाग मागाहून धूसर करतो. म्हणूनच भुरभुरणारे केस, चष्म्याची काडी आणि कोपर व कंबर यांच्या मधली मोकळी जागा इथे तो फसतो. फोटो मोठा करून या तीन जागा पाहिल्या की धूसरपणा खरा की बनवलेला हे कळते.

हिशेब पटत नसेल तर प्रत्यक्ष करून पाहा. फुल-फ्रेम कॅमेरा २४ मिमीवर आणि f/6.3 वर ठेवा, कारण f/6.2 असा टप्पा कॅमेऱ्यात नसतो. शेजारी, त्याच उंचीवर आणि त्याच अंतरावर फोन धरा. दोन्ही फोटो स्क्रीनवर सारख्या मापात आणून मागची बाजू पाहा. धूसरपणा जवळपास एकसारखा दिसायला हवा. दिसला नाही तर आधी फोनच्या फोटोतला लेन्सचा उल्लेख तपासा. वस्तू फार जवळ असली तर काही फोन न विचारता अल्ट्रा-वाइड लेन्सवर उडी मारतात.

एक्सपोजरला हा गुणाकार लावू नका

इतपत समजल्यावर पुष्कळ जण एक पाऊल जास्त टाकतात आणि म्हणतात, फोनची लेन्स f/6.2 असेल तर फोटो काळपट यायला हवा. तसे होत नाही. एक्सपोजर ठरतो तो सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिमीवर पडणाऱ्या उजेडावर आणि त्या हिशेबात f/1.78 हे f/1.78 च. वेगळ्या लाइट मीटरने मोजून मोठ्या कॅमेऱ्यात f/1.8, १/१०० सेकंद, आयएसओ १०० असे आले तर फोनलाही साधारण तेच आकडे लागतील.

फरक पडतो तो एकूण उजेडात. चौरस मिमीमागे उजेड तेवढाच, पण चौरस मिमीच बारापट कमी. त्यामुळे पूर्ण चित्र रंगवायला फोनकडे बारा पट कमी उजेड असतो. उजेड दुप्पट होणे म्हणजे एक स्टॉप, या फोटोग्राफीच्या भाषेत हा सुमारे साडेतीन स्टॉपचा फरक, आणि तो नॉइजच्या, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाच्या, रूपात दिसतो. फुल-फ्रेमवर f/6.2 लावून, शटर तेवढाच ठेवून आणि आयएसओ १०० ऐवजी १२०० करून फोटो काढला, तर दोन्ही सेन्सर एकाच पिढीचे असल्यास नॉइजही जवळपास सारखाच येतो.

यातून निघणारी एक गोष्ट कॅमेरा घेण्याआधी ऐकलेली बरी. मोठ्या सेन्सरचा फायदा आपोआप मिळत नाही, लेन्स उघडल्यावर मिळतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याबरोबर साधी झूम लेन्स असेल आणि ती २४ मिमीला f/4 पर्यंतच उघडत असेल, तर या फोनपेक्षा एकूण उजेड जेमतेम अडीच पट मिळतो, स्टॉपमध्ये सव्वा. f/5.6 वर तर तो फायदा पाव स्टॉपच्या आसपास येतो. अंधाऱ्या खोलीत अशी लेन्स लावून फोनपेक्षा फार वेगळे काही मिळाले नाही अशी तक्रार येते, तेव्हा कॅमेऱ्यात दोष नसतो. f/1.8 ची एखादी साधी, झूम नसलेली लेन्स लावली की मग ते बारा पट हाती लागतात.

शिवाय फोन एका क्लिकमध्ये एकच फोटो घेत नाही. तो अनेक फ्रेम पाठोपाठ घेऊन एकमेकांवर बसवतो आणि त्यातून नॉइज खाली आणतो. उजेडाची तूट बारा पटीची, म्हणजे तत्त्वतः बारा फ्रेम नीट बसल्या तर ती भरून निघते. इमारत, टेबलावरची वस्तू, स्थिर बसलेला माणूस, इथे हे चांगले जमते. धावते मूल किंवा नाचणारा माणूस असेल तर फ्रेम एकमेकांवर बसत नाहीत, फोनला त्या भागासाठी मोजक्याच फ्रेम वापराव्या लागतात, आणि मग चेहरा मेणासारखा गुळगुळीत किंवा चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो. सेन्सरचा खरा आकार असा हलत्या वस्तूत दिसून येतो.

फोनमधला प्रत्येक कॅमेरा वेगळा मोजा

फोनचा क्रॉप फॅक्टर एकच आहे असे समजणे ही यानंतरची नेहमीची गफलत. आतापर्यंतचा ३.५ फक्त मुख्य कॅमेऱ्याचा. बाकीच्या लेन्सच्या मागे वेगळे, बहुधा त्याहून लहान सेन्सर असतात.

त्याच फोनची टेली लेन्स घ्या. स्क्रीनवर ७७ मिमी f/2.8, खरी फोकल लेंग्थ ९ मिमी. ७७ भागिले ९ म्हणजे क्रॉप फॅक्टर ८.६ आणि सेन्सरचा कर्ण पाच मिमी. ॲपर्चरही गुणले तर २.८ चे होतात f/24. फुल-फ्रेमवर ७७ मिमीची लेन्स f/24 ला घेऊन संध्याकाळी फोटो काढायला कुणी जाणार नाही, पण फोनमध्ये ३ चे बटण दाबले की आपण नेमके तेच करत असतो.

२ चे बटण आणखी वेगळे. तिथे नवी लेन्स नाही. मुख्य सेन्सरच्या ४८ मेगापिक्सेलमधला मधला १२ मेगापिक्सेलचा तुकडा कापून घेतला जातो. सेन्सरची रुंदी निम्मी झाली, म्हणून क्रॉप फॅक्टर दुप्पट, ७. दृश्य ४८ मिमीचे, ॲपर्चरचे समतुल्य माप सुमारे f/12.5. दिवसा हे बटण बिनधास्त वापरावे. रात्री मात्र १ वर ठेवून दोन पावले पुढे जाणे मला जास्त पटते, अर्थात नाकाडोळ्यांची प्रमाणे अंतराबरोबर बदलतात हे ध्यानात ठेवून.

उजेड कमी झाला की फोन ३ च्या बटणावरही गुपचूप टेली लेन्स सोडून मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा वापरू शकतो. हिशेब केला तर यात तथ्य दिसते. मुख्य सेन्सरमधून ७७ मिमीएवढे दृश्य कापले तर क्रॉप फॅक्टर ११.२ होतो आणि ॲपर्चर f/20 च्या बरोबरीचे, म्हणजे f/24 पेक्षा थोडा जास्तच उजेड. किंमत मोजावी लागते ती तपशिलात, कारण त्या तुकड्यात ४८ पैकी पाच मेगापिक्सेलही उरत नाहीत आणि बाकीचे फोन अंदाजाने भरतो. असा फोटो मोठा केला की पाटीवरची अक्षरे आणि झाडाची पाने रंगाच्या फटकाऱ्यांसारखी दिसू लागतात. शंका आली तर वरचीच आज्ञा चालवा. FocalLength समोर ९ असेल तर टेली लेन्सच वापरली गेली आहे, ६.८६ असेल तर मुख्य कॅमेऱ्यातून कापलेला तुकडा. तसे दिसले तर उजेड वाढवून पुन्हा काढा, किंवा १ वर ठेवून जवळ जा.